सूत्र लेखी द्यावे

ऑफिसात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे मोजपट्टी. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. चौदा वर्षं ती लिफ्टची तपासणी करत होती. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये वाकून शिरायचं, तारेच्या दोराचा व्यास मोजायचा, ब्रेक किती घसरतो ते पाहायचं, प्रत्येक मजल्यावर दाराचं कुलूप किती खोल बसतं ते मोजायचं आणि मग दोनपैकी एक शब्द लिहायचा: योग्य किंवा अयोग्य. तिसरा शब्द तिच्या वहीत नव्हता.

टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर त्यांची कंपनी होती. सहा निरीक्षक, एक मालक, एचआरची एक मुलगी आणि या सगळ्यांच्या डोक्यावर हसरा.

हसरा म्हणजे तांत्रिक प्रमुख. नाही म्हणतानाही हसायचा, म्हणून हे नाव. सात वर्षांपूर्वी तो कंपनीत आला तेव्हा गव्हर्नर म्हणजे काय हेही त्याला धड सांगता येत नव्हतं. लिफ्टचा वेग हाताबाहेर गेला की तिला जागीच जखडणारं ते चाक तिनेच त्याला दाखवलं, दोराच्या तुटलेल्या तारा मोजायला तिनेच शिकवलं. मग तो वर गेला आणि ती होती तिथेच राहिली. याचंही तिला एवढं काही वाटलं नसतं. तिने डूख धरला तो मागच्या हिवाळ्यात.

एका बारा मजली इमारतीत तिने क्षमतेच्या सव्वापट वजन ठेवून लिफ्ट खाली सोडली आणि ब्रेक लावला. लिफ्ट थांबली नाही. शांतपणे दीड मजला घसरत गेली. तिने अयोग्य लिहिलं. इमारत होती कंपनीच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची, तशा त्याच्या चाळीस. दुसऱ्या दिवशी हसऱ्याने तिथे पैलवानाला पाठवलं. पैलवान म्हणजे त्यांच्यातला काडीसारखा निरीक्षक, फुंकर मारली तर उडेल असा. त्याने तासाभरात योग्य लिहून आणलं. ब्रेक रात्रीतून दुरुस्त केल्याची पावती फाइलला लागली. मोजपट्टी रविवारी स्वतःच्या खर्चाने तिथे जाऊन आली. ब्रेकचे पट्टे तेच होते, तिने खडूने केलेली खूण अजून त्यांच्यावर होती. ती मालकाकडे गेली. मालकाने हसऱ्याला बोलावलं, हसऱ्याने पावती दाखवली आणि सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला, "ताईंचं काय आहे, त्यांना लिफ्टपेक्षा त्यांचा शब्द जास्त प्यारा आहे. वयाबरोबर होतं असं."

सगळे हसले. मालकही हसला. त्या वर्षी तिच्या मूल्यमापनात लिहून आलं: सहकार्याचा अभाव.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. हसऱ्याचं खोटं त्याच्या स्वतःच्या सहीने कागदावर यावं, आणि ते अशा माणसापुढे यावं जो हसणार नाही.

मग एक दिवस वेतनाची नवी रचना आली.

पत्र एका पानाचं होतं. कामगिरीला न्याय देणारी आधुनिक रचना, एकूण मासिक वेतन अठ्ठेचाळीस हजारांवरून छप्पन्न हजार, सतरा टक्के वाढ, संमती आठवड्याच्या आत कळवावी. कशाचे किती, ते कुठेही नव्हतं.

हसरा तिच्या टेबलापाशी आला आणि कोपऱ्यावर टेकला. "वाचलंत ना, ताई? खरं सांगायचं तर तुमच्यासाठीच केलंय हे. जो काम करतो त्याला मिळावं, बाकीच्यांनी बसावं माशा मारत."

"छप्पन्न नक्की मिळणार?"

"मिळवलं तर मिळणार." तो हसला. "स्थिर थोडं कमी, बदलतं थोडं जास्त. सगळीकडे असंच चाललंय आता."

"बदलतं कशावर?"

"वेगावर हो. पहिल्याच भेटीत प्रमाणपत्र देऊन मोकळं व्हायचं. एका लिफ्टला तीन-तीन फेऱ्या मारायच्या, गिऱ्हाइकाचा वेळ घालवायचा, हे बंद." टेबलावर बोटांनी ताल धरून तो निघून गेला.

मोजपट्टी त्या ताल धरलेल्या जागेकडे बघत बसली. पहिल्या भेटीत प्रमाणपत्र. म्हणजे पहिल्या भेटीत अयोग्य लिहिलं, की पैसे कापले. तपासणाऱ्या माणसाचा पगार तपासणीच्या निकालावर. त्यांच्या धंद्यात याच्याएवढं मोठं पाप दुसरं नाही. कंपनीला तपासणीचा अधिकार देणारी जी मान्यता-संस्था होती, तिच्या नियमात हे सरळ शब्दांत होतं: निकालावर परिणाम होईल असा मोबदला निरीक्षकाला देऊ नये. हसऱ्याला तो नियम तोंडपाठ होता, नवीन माणसाला तोच म्हणून दाखवायचा. पण त्याच्या डोक्यात नियम होता तो लिफ्टचा. पगार हा लिफ्टच्या कागदांत मोडतो हे त्याच्या मनाला शिवलंच नव्हतं.

आणि मान्यतावाल्यांचा वार्षिक ऑडिटर तीन-साडेतीन महिन्यांनी येणार होता.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. घरी आल्यावरसुद्धा तो कुणाचा तरी चष्मा घेऊन बसलेला असायचा.

"मी मान्य करणार आहे," ती म्हणाली.

"वेड लागलंय का? पगार कापून घेणार?"

"मान्य करणार आणि तपशील लेखी मागणार."

"उलटं आहे गं हे. माणूस आधी तपशील मागतो, मग हो म्हणतो. तू आधी मान तुकवून मग विचारणार, सुरी कुठंय?"

"आधी विचारलं तर तो सावध होईल. म्हणेल, ही खुसपटं काढतेय. हो म्हटलं की तो खूश. खूश माणूस काहीही लिहून देतो."

नवऱ्याने स्क्रू पिळायचा थांबवला. "आणि घरासाठी कर्जाचा अर्ज टाकलाय त्याचं काय? बँक स्थिर पगार बघते."

"तेच तर. बँकेला लागतो, म्हणूनच मागतेय. खोटं काहीच नाही."

"खोटं नाही, पण तुझा चेहरा बघ आरशात. मांजरासारखा झालाय." त्याने चष्मा उजेडाकडे धरला. "कर जे करायचं ते. फक्त पगार घरी येऊ दे."

उत्तर लिहायला तिला दोन दिवस लागले. एकेक शब्द तिने स्क्रू घट्ट करावा तसा पिळला.

"महोदय, आपल्या पत्राने कळवलेली सुधारित वेतनरचना मला मान्य आहे. पत्रात एकूण रक्कम आहे, घटक नाहीत. बँकेकडे व माझ्या नोंदीसाठी खालील तपशील सहीनिशी लेखी मिळावा. स्थिर वेतन किती, त्यात मूळ वेतन किती, आणि फंड, ग्रॅच्युइटी व शिल्लक रजेचा मोबदला कोणत्या रकमेवर मोजला जाईल. बदलत्या वेतनाची कमाल मर्यादा किती, ते कोणत्या निकषांवर, कोणत्या सूत्राने, किती काळाने आणि कोणाच्या अधिकारात ठरेल. भत्ते कोणते, त्यांपैकी कोणते दरमहा आपोआप मिळतील व कोणते बिले दिल्यावर. माझी संमती या तपशिलावर अवलंबून नाही. सूत्र मात्र लेखी द्यावे, म्हणजे त्याप्रमाणे काम करता येईल."

शेवटचं वाक्य तिने तीनदा वाचलं. त्याप्रमाणे काम करता येईल. हसऱ्याला गुदगुल्या होतील असं वाक्य होतं ते.

झाल्याच. दुपारी त्याच्या काचेच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला आणि मग एचआरची मुलगी कागद घेऊन मोजपट्टीकडे आली. तीन महिन्यांपूर्वीच लागलेली, कामाला चोख.

"ताई, साहेब म्हणाले, शेवटी मोजपट्टी वठणीवर..." ती जीभ चावून थांबली. "सॉरी."

"चालतं गं. पुढे?"

"तक्ता करून द्यायला सांगितलाय. फक्त तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी एकच. पण 'कोणाच्या अधिकारात' इथे मी माझं नाव घालू का? सही माझीच असते ना अशा कागदांवर."

मोजपट्टीने तिच्याकडे पाहिलं. हा कागद उद्या पेटणार होता, आणि पेटेल तेव्हा जिची सही असेल तिचे हात भाजणार होते.

"सूत्र तू ठरवलंस का?"

"छे. साहेबांनी."

"मग ज्याने ठरवलं त्याचीच सही. विचार त्यांना. आणि तोंडी विचारू नकोस, मेल कर."

तीन दिवसांनी तक्ता आला. हसऱ्याच्या अंगात एक खोड होती, आणि मोजपट्टीने सगळी भिस्त त्या खोडीवर ठेवली होती. क्रमांक नसलेला कागद त्याला सहन होत नसे. रजेच्या अर्जाला क्रमांक होता, हत्यारांच्या कपाटावरच्या चिठ्ठीला होता, 'चहाचे कप स्वतः धुवावेत' या सूचनेलाही क्रमांक आणि आवृत्ती होती. मान्यतेच्या पद्धतीत कागदांची एक मुख्य यादी ठेवावी लागते. हसऱ्याच्या हातात ती यादी फुगत फुगत चारशेवर गेली होती. एचआरच्या मुलीने तक्ता साध्या मेलने पाठवायला घेतला तेव्हा तो तिच्यावर खेकसला होता, "नंबराशिवाय कागद बाहेर जातो का आपल्याकडे?" मग त्याने स्वतः नंबर टाकला, आवृत्ती पहिली, मंजुरी: तांत्रिक प्रमुख, खाली वेलांटीदार सही. आणि कागद यादीत चढला.

स्थिर वेतन अठ्ठावीस हजार, त्यात मूळ चौदा. फंड आणि ग्रॅच्युइटी त्या चौदावर. पूर्वी मूळ एकवीस होतं. भत्ते बारा, त्यातले चार आपोआप आणि आठ बिलं दिल्यावर. बदलतं वेतन कमाल सोळा. त्यातले सहा हजार दर महिन्याला पस्तीस तपासण्या झाल्या की. उरलेले दहा पहिल्या भेटीतल्या प्रमाणपत्रांवर: शंभरात पंच्याण्णव किंवा जास्त असतील तर पूर्ण, नव्वद ते पंच्याण्णव असतील तर निम्मे, नव्वदच्या खाली शून्य.

शून्य. तेही छापील.

पूर्वी बेचाळीस स्थिर आणि सहा प्रवासाचे, असे अठ्ठेचाळीस न मागता मिळायचे. आता न मागता मिळणार बत्तीस. बँकेने तक्ता पाहून कर्जाचा आकडा एक तृतीयांशाने उतरवला. नवऱ्याने त्या दिवशी दोन चष्म्यांच्या काड्या मोडल्या. मोजपट्टीने मात्र तक्त्याची प्रत कपाटात साड्यांखाली ठेवली आणि रोज रात्री झोपताना तिला ती सही आठवायची. गोड झोप लागायची.

आता फक्त थांबायचं होतं. तीन महिने. तेवढ्यात हसऱ्याच्या डोळ्यावर यायचं नाही, भांडण काढायचं नाही, त्याला तिला काढून टाकायला निमित्त द्यायचं नाही. ती बैठकीत गप्प बसू लागली. हसरा म्हणाला, "बघा, पैशाची भाषा सगळ्यांना कळते." तीही हसली. दात ओठांच्या आत ठेवून.

ऑडिटर आला तो साठीचा, बारीक आवाजाचा माणूस. कापडी पिशवीतून स्वतःची बाटली, स्वतःचं पेन आणि एक जुनं गणकयंत्र काढून टेबलावर ओळीत मांडलं. हसरा समोर, मालक शेजारी, निरीक्षक भिंतीकडेच्या खुर्च्यांवर.

"गेल्या वर्षभरात यादीत नवीन आलेले कागद दाखवा," ऑडिटर म्हणाला.

हसऱ्याने अभिमानाने यादी पुढे केली. "एकसष्ट नवीन, सर. आमच्याकडे क्रमांकाशिवाय..."

"कप धुण्याची सूचनाही आहे इथे."

"शिस्त, सर."

ऑडिटरचं पेन खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. तिने काहीही सांगितलं नव्हतं, काही दाखवलं नव्हतं. ते पेन आपल्या पायांनी तिथवर चालत आलं होतं.

"वेतन घटक तक्ता, तांत्रिक प्रमुखांनी मंजूर केलेला. हा आणा."

कागद आला. ऑडिटरने तो एकदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"पहिल्या भेटीतलं प्रमाणपत्र म्हणजे काय, साहेब?"

"म्हणजे वेग, सर. एका फेरीत काम पूर्ण."

"लिफ्ट अयोग्य निघाली तर काम पूर्ण होत नाही?"

"होतं, पण... ते वेगळं."

"या सूत्रात कुठे वेगळं आहे? मला दाखवा. मी म्हातारा आहे, दिसलं नसेल."

हसऱ्याने कागद वळवून पाहिला, जणू पाठीमागे काही लिहिलेलं असेल. तो हसत होता. पण आता ते हसू कुणीतरी चेहऱ्यावर चिकटवून ठेवल्यासारखं झालं होतं, कडा सुटायला लागल्या होत्या.

"हे एचआरने तयार..."

"मंजुरी तुमची आहे," ऑडिटर म्हणाला.

"सर, मेलही आहे," एचआरची मुलगी भिंतीकडून म्हणाली. "सूत्र साहेबांनी दिलंय."

मालकाने हसऱ्याकडे पाहिलं. मोजपट्टीने ते पाहणं घोटाघोटाने प्यायलं. सोमवारच्या त्या बैठकीतला प्रत्येक हसलेला चेहरा आता खाली झुकला होता, आणि पैलवान तर खुर्चीत इतका आक्रसला होता की खुर्ची रिकामीच वाटावी.

"ही मोठी त्रुटी होते," ऑडिटर लिहिता लिहिता म्हणाला. "पण एक सांगा, याचा परिणाम झाला की नाही? सूत्र वाईट आहे हे एक, त्याने निकाल बिघडले हे दुसरं. मला प्रत्येक निरीक्षकाचे आकडे हवेत. सूत्राच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे तीन. किती तपासल्या, किती पहिल्या भेटीत योग्य."

"मी काढून देते," मोजपट्टी उठून म्हणाली. कुणी विचारायच्या आत. पैलवानाचे आकडे, हसऱ्याच्या लाडक्यांचे आकडे तिला स्वतःच्या हाताने मांडायचे होते. खिळा ठोकायचाच तर आपल्या हातोडीने.

ती आणि एचआरची मुलगी आतल्या खोलीत बसल्या. मुलगी रजिस्टरमधून वाचत गेली, ती मांडत गेली. पैलवान: आधी शंभरात अठ्ठ्याऐंशी, नंतर सत्त्याण्णव. "घे," ती पुटपुटली. दुसरा: एकोणनव्वद, नंतर शहाण्णव. "घे." मग मौनी, जो वर्षाकाठी वीस वाक्यं बोलायचा: त्र्याऐंशी, नंतर ब्याऐंशी.

"यांच्यावर काहीच परिणाम नाही?" मुलगी म्हणाली.

"त्याने पत्रच उघडलेलं नाही. लिफाफा अजून त्याच्या खणात बंद आहे."

दोघी खदखदून हसल्या. मग मुलगी पुढच्या पानावर गेली आणि एकदम थांबली.

"वाच ना."

"तुमचे आहेत, ताई."

"मग? वाच."

"आधी दोनशे चौदा. योग्य एकशे एकाहत्तर." मुलीचं बोट खालच्या ओळीवर गेलं. "नंतर एकशे आठ. योग्य एकशे एक."

मोजपट्टीने लिहिलं. भागाकार तिला यंत्राशिवाय येत होता. ऐंशी. नंतर साडेत्र्याण्णव. तिने पुन्हा केला. तिसऱ्यांदा यंत्रावर केला. आकडे काही तिच्यासाठी बदलले नाहीत.

"इमारती चांगल्या मिळाल्या असतील या वेळी," मुलगी हळूच म्हणाली.

तीन महिने तिच्या डोक्यात सापळा होता आणि सापळ्यात हसरा होता. पैसे तिला नकोच होते. मग? तिने स्वतःची वही काढली आणि शेवटच्या तीन महिन्यांची पानं उलटू लागली. अक्षर तिचंच. दुसऱ्या महिन्यात, एका सहा मजली इमारतीत, चौथ्या मजल्याच्या दाराचं कुलूप: 'सुमारे सात मिमी'. नियम सातचा; त्याहून कमी बसलं तर लिफ्ट चालूच व्हायला नको. सुमारे! चौदा वर्षांत तिने वहीत हा शब्द लिहिला नव्हता. पुढे एके ठिकाणी, दोराची झीज: 'पुढील वर्षी पाहावी'. आणखी एका पानावर तसंच. त्या त्या दिवशीचं तिला आठवलं. तिथे अयोग्य लिहिलं असतं तर गिऱ्हाईक फोन करणार, हसरा बोलावणार, भांडण होणार, आणि कदाचित ऑडिटआधीच नोकरी जाणार. जरा कळ काढू, एवढंच तिने मनाशी म्हटलं होतं. तिने पैशांसाठी नाही, सुडासाठी सूट दिली होती. कुलपाला त्याचा काय फरक? ते सातपर्यंत पोचलं नव्हतं.

"ताई," मुलगी म्हणाली, "सरांनी आपल्यालाच काढायला सांगितलंय. तुमची ओळ... म्हणजे त्यांना पाच जणांची दिली तर..."

बाहेरून हसऱ्याचा आवाज येत होता, मालकाला काहीतरी समजावत होता: फार तर एक-दोघांनी गैरफायदा घेतला असेल, बाकी सगळं ठीक आहे, आमच्या ताई बघा, त्यांच्यासारखी कडक बाई शोधून सापडणार नाही, त्यांनीही हे मान्य केलंय की, लेखी.

म्हणजे हा आता तिच्याच नावामागे दडणार होता. सूत्र निरुपद्रवी आहे याचा पुरावा म्हणून मोजपट्टी उभी करणार होता.

तिने आपली ओळ यादीत सगळ्यात वर चढवली आणि कागद घेऊन बाहेर गेली.

"यात पहिली ओळ माझी आहे," ती ऑडिटरला म्हणाली. "सगळ्यात मोठी उडी माझीच. साडेतेरा अंकांची. सूत्राने काय होतं ते विचारत होतात ना? जी बाई चौदा वर्षं हलली नाही, ती हलली. तीन लिफ्टचे पत्ते खाली लिहिलेत, त्या मी योग्य म्हणायला नको होत्या."

आता हसऱ्याच्या हाती काहीच उरलं नव्हतं. लपायला होतं ते एकच झाड तिने मुळासकट उपटून त्याच्या पुढ्यात टाकलं होतं.

ऑडिटरने तिची ओळ स्वतःच्या यंत्रावर पडताळून पाहिली. "तुम्हाला कल्पना आहे, मी तुमचाही सहीचा अधिकार थांबवायला सांगणार?"

"सांगा."

निकाल आठ दिवसांत लागला. कंपनीची मान्यता थांबवली गेली; सूत्र रद्द करून दुरुस्ती दाखवेपर्यंत नवीन प्रमाणपत्र नाही. पाच निरीक्षकांच्या सह्या थांबल्या, त्यांच्या तीन महिन्यांच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करायच्या. फक्त मौनी सही करू शकत होता, त्यामुळे बिचाऱ्याला दिवसाला पंधरा वाक्यं बोलावी लागत होती. हसऱ्याला मालकाने पदावरून काढलं आणि मान्यतावाल्यांनी त्याचं नाव अशा यादीत घातलं की दुसऱ्या कुठल्याही तपासणी कंपनीत त्याला प्रमुख होता येणार नव्हतं. वेतन जुन्या घटकांवर परत आलं, एचआरच्या मुलीच्या सहीने.

शेवटच्या दिवशी तो खोका घेऊन जिन्यात भेटला. ती हत्यारांची पेटी घेऊन उतरत होती.

"ताई," तो म्हणाला. अजून हसू होतंच. "ऐकलं, तुमचीही सही काढली. माझ्यावर नेम धरला आणि गोळी स्वतःला लागली, नाही का?"

"लागली."

"मग काय मिळवलंत?"

तिने पेटी खाली ठेवली नाही. "माझी सही काढली ती बरोबर काढली. सहा महिन्यांत परीक्षा देऊन परत घेईन. तुझी गेली ती गेली. तू घरी बसून मोज काय मिळवलं ते. आणि हो, त्या बारा मजली इमारतीचा ब्रेक परवा मौनीने तपासला. तेही सव्वापट वजन ठेवून. अयोग्य."

आज कितीतरी वर्षांनी तिने त्याला अरे-तुरे केलं होतं. त्याचं हसू निघालं, सोलल्यासारखं. त्याखालचा चेहरा तिने पहिल्यांदाच पाहिला. साधा होता, घाबरलेला होता. तिला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ती बाजूने खाली उतरली.

सहा मजली इमारतीत मौनी तिची वाट पाहत होता. सही त्याची, मोजमाप तिचं, असं ठरलं होतं. चौथ्या मजल्यावर एक बाई दारात उभी होती.

"पुन्हा तपासणी? दोन महिन्यांपूर्वीच तर झाली. योग्य म्हणून कागद लावलाय की खाली."

"तो मीच लावलाय," मोजपट्टी म्हणाली. "तो चुकीचा आहे. आज जिन्याने उतरा."

"अहो, माझे गुडघे!"

"माहितीये. माझी चूक आहे. पण जिन्यानेच उतरा."

बाई बडबडत उतरू लागली. मोजपट्टी गुडघ्यावर बसली, दाराच्या फटीत टॉर्च धरली, कुलपाच्या जिभेला माप लावलं आणि आकडा वाचला. पाच पूर्णांक आठ. सातच्या आसपासही नव्हतं. या दारातून दोन महिने किती माणसं गेली असतील याचा हिशोब डोक्यात आपोआप सुरू झाला आणि तिने तो थांबवला नाही.

"किती?" मौनीने विचारलं.

तिने सांगितलं. मौनीने लिहिलं, पेन थांबवलं आणि तिच्याकडे बघत राहिला.

"लिही," ती म्हणाली. "अयोग्य. आणि मागच्या वेळचं निरीक्षकाचं नाव विचारलंय ना खालच्या रकान्यात, तेही लिही. पूर्ण नाव लिही माझं."